वर्तुळावरचं सर्वांत उंच ठिकाण

परीक्षा जवळ आली की फोनवर गणितांचे फोटो यायला लागतात. पान तिरपं धरलेलं, कोपऱ्यात अंगठा, ट्यूबलाइटची चकाकी नेमकी समीकरणावर आणि खाली एकच ओळ: ‘सर, हे कसं करायचं?’ अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला लाग्रांजच्या गुणकांची पद्धत शिकवतात, त्यामुळे या फोटोंमध्ये तिची गणितं हमखास असतात. त्यातलंच एक इथे घेतो. दिसायला ते अगदी साधं आहे, पण ही पद्धत कशी चालते आणि मुलं कुठे अडकतात, हे दोन्ही त्यात नीट दिसतं.

f(x, y) = 2x² + y² + 2y

x² + y² = 4

खालच्या अटीत राहून वरच्या राशीची कमाल आणि किमान किंमत काढायची आहे.

सोडवायला बसण्याआधी फोटो नीट वाचायला हवा. यात दोन जागा शंकेच्या होत्या. पहिल्या x² च्या आधीचा 2 चकाकीत अर्धा पुसला गेला होता. दुसरी शंका अटीतल्या चिन्हाची. ते ‘=’ आहे की ‘≤’, हे सावलीमुळे कळत नव्हतं. दोन्ही गोष्टी बारीक वाटतात, पण उत्तर बदलून टाकतात. चिन्हाकडे नंतर येऊ. तो 2 नाहीच असं धरलं तर काय होतं ते आधी पाहा. मग राशी उरते x² + y² + 2y. पण अट सांगते की x² + y² म्हणजे 4. म्हणजे राशी झाली नुसती 4 + 2y. वर्तुळावर y ची किंमत −2 पासून 2 पर्यंतच जाते, त्यामुळे कमाल ८ आणि किमान ०. गणित एका ओळीत संपलं, गुणकाची गरजच पडली नाही. गुणकांच्या प्रकरणाखाली दिलेलं गणित असं एका ओळीत विरघळलं, तर फोटो मोठा करून पुन्हा पाहावा. मी नवा फोटो मागवला. त्यात 2 स्पष्ट होता आणि चिन्ह ‘=’ होतं.

आता विचारलंय काय, ते चित्रात पाहू. एक खोलगट जमीन डोळ्यांसमोर आणा. कागदावरचा प्रत्येक बिंदू (x, y) म्हणजे त्या जमिनीवरची एक जागा, आणि f ची किंमत म्हणजे त्या जागेची उंची. आपली राशी 2x² + (y + 1)² − 1 अशीही लिहिता येते. दोन्ही वर्ग शून्य झाले की उंची सर्वांत कमी, म्हणजे सर्वांत खोल जागा (0, −1) आणि तिथली उंची −1. तिथून कुठेही गेलं तरी चढ, आणि x च्या दिशेचा चढ जास्त खडा. या जमिनीत मूळबिंदूभोवती २ त्रिज्येची एक गोल पायवाट आखली आहे. आपल्याला फक्त त्या पायवाटेवरूनच चालायचं आहे. चालताना सर्वांत उंच जागा कोणती लागते आणि सर्वांत सखल कोणती, एवढाच प्रश्न.

एक फेरी मारून पाहू. पूर्वेच्या टोकाला, (2, 0) ला, उंची ८ आहे. तिथून वर उत्तरेकडे निघालं की चढ लागतो. (√3, 1) ला, म्हणजे साधारण (1.73, 1) ला, उंची ९ होते. पुढे थोडा उतार लागतो आणि उत्तरेच्या टोकाला, (0, 2) ला, उंची पुन्हा ८. डावीकडे उतरताना परत चढ, (−√3, 1) ला पुन्हा ९, मग (−2, 0) ला ८. तिथून दक्षिणेकडे मात्र उतारच उतार, आणि (0, −2) ला उंची ०. अर्थात ही फेरी मी उत्तर माहीत असताना मारली. उत्तर माहीत नसताना या जागा कशा हेरायच्या, हे लाग्रांजची पद्धत सांगते.

शाळेच्या भूगोलातल्या समोच्च रेषा आठवा. स्थलनिर्देशक नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. आपल्या जमिनीच्या समोच्च रेषा लंबवर्तुळं आहेत, सगळी (0, −1) भोवती, एकात एक बसलेली. आता पायवाट एखाद्या समोच्च रेषेला छेदून पलीकडे जात असेल, तर त्या जागी आपण एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर जात असतो. पाऊल पुढे टाकलं तर चढ, मागे टाकलं तर उतार, किंवा उलट. म्हणजे ती जागा पायवाटेवरची सर्वांत उंचही असू शकत नाही आणि सर्वांत सखलही नाही. उंचीची टोकं तिथेच सापडतील, जिथे पायवाट समोच्च रेषेला न छेदता नुसती स्पर्श करून जाते. तिथे दोघींची स्पर्शिका एकच असते. सगळी पद्धत या एका निरीक्षणातून निघते. माझ्या मते ते समजल्याशिवाय λ चं नावही काढू नये. वर्गात मात्र बहुतेक वेळा उलटं होतं. सूत्र आधी येतं आणि चित्र आलंच तर शेवटी.

लंबवर्तुळ हळूहळू मोठं होताना पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. सुरुवातीला ते पायवाटेच्या पूर्ण आत असतं. उंची ० झाली की त्याचं खालचं टोक (0, −2) ला वर्तुळाला आतून टेकतं. मग ते वर्तुळाला दोन ठिकाणी छेदतं. उंची ८ झाली की त्याचं वरचं टोक (0, 2) ला टेकतं, तिथून पुढे छेद चार होतात. उंची ९ झाली की चारांतले दोन-दोन एकत्र येतात आणि (±√3, 1) या दोन जागी नुसता स्पर्श उरतो. त्यापुढे लंबवर्तुळ पायवाटेला सर्व बाजूंनी वेढून घेतं, भेट संपते.

हा स्पर्श समीकरणात उतरवायचा तर ग्रेडियंट लागतो. y स्थिर धरून x च्या दिशेचा चढ काढायचा, मग x स्थिर धरून y च्या दिशेचा, आणि दोन्ही मिळून एक बाण समजायचा. तो बाण सर्वांत खड्या चढाच्या दिशेने रोखलेला असतो आणि समोच्च रेषेला काटकोनात असतो. आपल्या f चा बाण आहे (4x, 2y + 2). अटीतली राशी x² + y² हिला g म्हणू. तिचा बाण (2x, 2y). तो वर्तुळाच्या केंद्रापासून थेट बाहेर रोखलेला असतो. दोन रेषा एकमेकींना स्पर्श करत असतील, तर त्यांना काटकोनात असलेले हे दोन बाण एकाच सरळ रेषेत येतात. म्हणजे एक बाण दुसऱ्याच्या काही पट असतो. ती पट किती, हे आधी माहीत नसतं, म्हणून तिला λ हे अक्षर दिलं. हाच तो गुणक.

(2, 0) ला पाहा. f चा बाण (8, 2), g चा (4, 0). एक किंचित वर झुकलेला, दुसरा अगदी आडवा. पट जुळत नाही. f चा बाण वर झुकलाय, म्हणजे पायवाटेने वर गेलं तर उंची वाढणार, आणि फेरीत आपण तेच पाहिलं. आता (√3, 1) ला या. f चा बाण (4√3, 4), g चा (2√3, 2). बरोबर दुप्पट. पायवाटेच्या दिशेने चढायला काही उरलेलंच नाही. सगळा चढ पायवाटेबाहेर आहे, आणि तिकडे जायला मुभा नाही.

जोझेफ-लुई लाग्रांज १७३६ मध्ये तुरीनला जन्मला आणि १८१३ मध्ये पॅरिसला वारला. हे गुणक त्याने १७८८ च्या आपल्या यांत्रिकीवरच्या ग्रंथात वापरले, ते वस्तूंच्या समतोलासाठी. तिथे गुणकाला सरळ भौतिक अर्थ होता. वस्तूला ठरलेल्या मार्गावर रोखून धरणाऱ्या बलाचं माप म्हणजे गुणक. त्या ग्रंथात एकही आकृती नाही, आणि तसं त्याने प्रस्तावनेत अभिमानाने सांगितलंही आहे. त्याला आकृतीची गरज नव्हती. आपल्याला आहे, आणि ती काढण्यात काहीच कमीपणा नाही.

तर आता समीकरणं तीन:

4x = 2λx

2y + 2 = 2λy

x² + y² = 4

अज्ञातंही तीन, x, y आणि λ. पहिल्या समीकरणाशी बहुतेक मुलं लगेच दोन्ही बाजूंचा x कापतात, λ = 2 लिहितात आणि पुढे जातात. दुसऱ्यात λ = 2 टाकलं की 2y + 2 = 4y, म्हणजे y = 1. तिसऱ्यातून x² = 3. बिंदू मिळाले (√3, 1) आणि (−√3, 1), आणि दोन्हीकडे f ची किंमत ९. इथे पेन थांबतो, कारण प्रश्नात कमाल आणि किमान दोन्ही मागितल्या आहेत आणि हातात आकडा एकच आहे. काही जण मग ‘किमान किंमत नाही’ असं लिहून मोकळे होतात.

पण किमान किंमत असायलाच हवी. वर्तुळ बंद आहे आणि मर्यादित आहे. अशा वक्रावर अखंडपणे बदलणारी राशी कुठेतरी कमाल आणि कुठेतरी किमान होतेच, हा वायरश्ट्रासच्या नावाने ओळखला जाणारा प्रमेय आहे. मग किमान गेली कुठे? ती x कापताना गेली. x ने भागायचं तर x शून्य नाही हे आधी माहीत हवं, आणि ते कुणीच सांगितलेलं नाही. म्हणून भागायचं नाही, अवयव पाडायचे:

2x(2 − λ) = 0

म्हणजे λ = 2 किंवा x = 0. दुसरी वाट धरली तर अटीतून y = 2 किंवा y = −2. (0, 2) ला दुसरं समीकरण 6 = 4λ होतं, म्हणजे λ = 3/2, आणि f = 8. (0, −2) ला −2 = −4λ, म्हणजे λ = 1/2, आणि f = 0. उमेदवार एकूण चार झाले, त्यांच्या किमती ९, ९, ८ आणि ०. कमाल ९, किमान ०.

(0, 2) वरचा ८ मधल्या मध्ये लटकतो, म्हणून मुलांना तो खटकतो. लाग्रांजची अट तो पूर्ण करतो, तरी तो ना कमाल ना किमान. फेरीत आपण पाहिलंच की त्याच्या दोन्ही बाजूंना ९ उंचीच्या जागा आहेत. तो त्यांच्या मधला छोटासा खळगा आहे. स्पर्श झाला म्हणजे टोक सापडलं असं नाही, फक्त टोक असण्याची शक्यता सापडली. वर्तुळासारख्या बंद वक्रावर मात्र पुढचं काम सोपं असतं. सगळे उमेदवार एकही न सोडता मांडायचे आणि किमतींची तुलना करायची. दुसऱ्या विकलजांची कुठलीही कसोटी लागत नाही.

पद्धतीची आणखी एक अट आहे, पण वर्तुळ ती आपोआप पाळतं. g चा बाण कुठेही शून्य होता कामा नये, नाहीतर ‘पट’ या शब्दाला अर्थ उरत नाही. इथे (2x, 2y) शून्य होतो तो फक्त केंद्रात, आणि केंद्र पायवाटेवर नाही. अट y² = x³ अशी टोकदार वक्राची असती आणि x ची किमान किंमत विचारली असती, तर उत्तर त्या टोकावर, (0, 0) ला आहे, आणि गुणकाची समीकरणं ते टोक दाखवतच नाहीत.

उत्तर तपासायची वाटही याच गणितात आहे. अटीवरून x² = 4 − y². ते f मध्ये घातलं की

f = 8 + 2y − y² = 9 − (y − 1)²

y = 1 ला किंमत ९, त्याहून जास्त कधीच नाही. आणि y = 1 पासून जितकं दूर जावं तितकी किंमत कमी, म्हणून सर्वांत दूरच्या y = −2 ला ०. दोन्ही उत्तरं जुळली. मग गुणकाचा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. या गणितात ही वाट खरोखरच छोटी आहे. पण इथेही एक खाच आहे. विकलज शून्य करून फक्त y = 1 सापडतो. y = ±2 ही टोकं आपली आपण आठवून तपासावी लागतात. शिवाय राशीत नुसता x असता तर वर्गमूळ, आणि वर्गमुळासोबत अधिक-उणे असे दोन तुकडे आले असते. गुणकाची पद्धत वर्तुळ तोडत नाही. तिच्यासाठी (0, 2) आणि (√3, 1) एकाच जातीचे बिंदू आहेत.

आता ते राहिलेलं चिन्ह. फोटोत ‘≤’ असतं, तर आपण पायवाटेवर बांधलेले नसतो. पायवाटेच्या आतल्या सगळ्या जमिनीवर फिरायची मुभा असते. मग सर्वांत खोल जागा (0, −1) हिचाही विचार करावा लागतो. केंद्रापासून तिचं अंतर १, म्हणजे ती आतच आहे, आणि तिथे उंची −1. किमान किंमत ० नसून −1 ठरते. कमाल मात्र ९ च राहते, कारण आत दुसरं कुठलंही शिखर नाही. ‘≤’ च्या खालची ती छोटी रेघ वाचायची राहिली, तर किमान किंमत चुकते आणि कमाल बरोबर येते. अर्धं उत्तर जुळल्यामुळे ही चूक लवकर लक्षात येत नाही.

हे ओळखायला λ ची मदत होते. (0, −2) ला λ = 1/2, म्हणजे धन. f चा बाण तिथे बाहेरच्या दिशेला आहे. बाहेर चढ म्हणजे आत उतार. आत जायची परवानगी असेल, तर इथे कुणी थांबणार नाही, अजून खाली उतरेल. म्हणून आतला भाग धरला की ही किमान जागा राहत नाही. याउलट (√3, 1) ला λ = 2, तोही धन, पण तिथे आपण उंची शोधतोय आणि आत गेलं तर उंची घटते. म्हणून ती जागा टिकते. ‘≤’ असलेल्या अटींसाठी λ च्या चिन्हाचे हे नियम विल्यम कारुशने १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या आपल्या एम.एस.च्या प्रबंधात मांडले होते, पण तो प्रबंध कुणाच्या फारसा नजरेत आला नाही. १९५१ मध्ये हॅरॉल्ड कून आणि अल्बर्ट टकर यांनी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले आणि बराच काळ ते त्या दोघांच्याच नावाने ओळखले गेले. आता तिघांची नावं एकत्र घेतात.

परीक्षेत λ ची किंमत कुणी विचारत नाही, म्हणून मुलं ती काढून खोडून टाकतात. मला याचं वाईट वाटतं, कारण ती उत्तराइतकीच कामाची आहे. अटीतला 4 थोडासा वाढवला, तर उत्तर किती हलेल, ते λ सांगतो. 4 च्या जागी 4.1 करा. कमाल जागेचा λ आहे 2, म्हणून वाढ 2 × 0.1, म्हणजे 0.2. नवी कमाल ९.२ असायला हवी. प्रत्यक्षात अट x² + y² = k असेल, तर f = 2k + 1 − (y − 1)², आणि त्याची कमाल 2k + 1. k = 4.1 ला बरोबर ९.२. किमान जागेचा λ आहे 1/2, म्हणून अंदाज ०.०५. प्रत्यक्ष किंमत k − 2√k, ती येते साधारण ०.०५०३.

हा अंदाज जवळच्या बदलांपुरताच आहे. k एकदम 9 केला, तर किमान किंमत λ च्या हिशेबाने २.५ व्हायला हवी, पण ती होते ३. कारण k बदलला की किमान जागेचा λ स्वतःही बदलतो. कमाल किमतीचं सूत्र उलट दिशेला मोडतं. 2k + 1 मिळवण्यासाठी y = 1 ही जागा पायवाटेवर असावी लागते आणि तिथे x² = k − 1 असतं. वर्तुळ आकसत k = 1 वर आलं, की ९ उंचीच्या त्या दोन जागा सरकत सरकत (0, 1) ला एकमेकींत मिसळतात. त्याहून लहान वर्तुळावर x² ऋण होतो, म्हणजे λ = 2 ची वाटच बंद होते. मग आपल्या गणितात खळगा असलेलं उत्तरेचं टोक स्वतःच सर्वांत उंच जागा होतं, आणि कमाल किंमत होते k + 2√k. k = 0.25 ला ती १.२५ आहे. जुनं सूत्र तिथे १.५ सांगेल, पण तेवढ्या उंचीची जागा त्या पायवाटेवर कुठेही नाही.